तांब्याचा बंब आणि दहा महिन्यांत गळलेले निपल

जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी अंघोळीचे पाणी अजूनही तांब्याच्या बंबात तापते. त्या बंबाची जुनी पितळी तोटी सैल झाली, तेव्हा दिवाळीच्या तोंडावर घाईने एक दुरुस्ती करून घेतली. तोटी काढून तिच्या जागी सुमारे दहा सेंटिमीटर लांबीचे अर्धा इंची जीआय निपल, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचा आखूड तुकडा, बसवला आणि त्याला पुढे पाइप जोडून पाणी थेट मोरीपर्यंत नेले. गणपती आले तोवर निपलाच्या आट्यांमधून पाणी ठिबकू लागले होते आणि सकाळच्या पहिल्या बादलीचे पाणी तांबूस येत होते. निपल काढून तारेच्या ब्रशने घासले आणि त्याच पाइपाच्या उरलेल्या, तेवढ्याच लांबीच्या तुकड्याशेजारी तराजूवर ठेवले. साधारण १२० ग्रॅमच्या तुकड्यातले जेमतेम चार ग्रॅम कमी झाले होते, तरीही निपल निकामी झाले होते.

बारावीच्या विद्युतरसायनशास्त्राच्या प्रकरणात घटाचा विभव, विद्युत अपघटनाचे नियम आणि धातूंचे क्षरण असे तीन विषय येतात. शिकवताना माझ्या लक्षात आले आहे की विद्यार्थी त्यांचे तीन वेगळे कप्पे करतात आणि प्रत्येक कप्प्यातली सूत्रे वेगळी पाठ करतात. या निपलात मात्र तिन्ही विषय एकत्र आहेत. विभव सांगतो की इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेने जातील, फॅरडेचा नियम सांगतो की अमुक प्रभार वाहिला तर किती धातू जाईल, आणि क्षरण समजून घ्यायचे तर ती दिशा आणि तो वेग दोन्ही एकाच वेळी पाहावे लागतात. विभव मोठा म्हणजे गंज वेगाने, असा सरळ हिशेब कोणी करू लागले की त्याचे उत्तर चुकणार हे ठरलेलेच असते.

शब्दांमुळे होणारा एक घोटाळा

आकड्यांकडे वळण्याआधी एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. शाळेत आपण ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणायला शिकतो. विद्युत अपघटनात बाहेरची बॅटरी ॲनोडला धन टोकाशी जोडते, त्यामुळे तिथे हे नाव योग्यच ठरते. परंतु जो घट स्वतः वीज निर्माण करतो त्यात ॲनोड हे ऋण टोक असते, कारण तिथला धातू विरघळताना आपले इलेक्ट्रॉन मागे सोडतो आणि ते तारेतून पलीकडे जातात. मराठी माध्यमातून अकरावीला आलेली मुले इथे हमखास अडखळतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते. म्हणून मी वर्गात ॲनोड आणि कॅथोड हेच शब्द वापरतो आणि एकच ओळख सांगतो. जिथे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटतात, तो ॲनोड. जिथे क्षपण होते, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतले जातात, तो कॅथोड. ही ओळख दोन्ही प्रकारच्या घटांत टिकते. गंजणारा धातू नेहमी ॲनोड असतो, हेही त्यातूनच येते.

विभवाचा हिशेब, आणि त्यात होणारी मोठी चूक

प्रमाण क्षपण विभवांच्या तक्त्यातले फक्त चार आकडे आपल्याला पुरेसे आहेत : जस्त −०.७६, लोखंड −०.४४, कथिल −०.१४ आणि तांबे +०.३४ व्होल्ट. आकडा जितका खाली, तितकी त्या धातूची इलेक्ट्रॉन सोडण्याची तयारी जास्त. दोन अर्धघट जोडले की घटाचा विभव कॅथोडच्या आकड्यातून ॲनोडचा आकडा वजा करून मिळतो. जस्त आणि तांबे यांच्या पुस्तकी घटासाठी ही वजाबाकी अशी होते :

```
E° = 0.34 − (−0.76) = 1.10 V
```

दोन्ही आकडे क्षपणाचेच ठेवायचे आणि फक्त वजाबाकी करायची, हा नियम पाळला तर चिन्हांचा गोंधळ होत नाही. ॲनोडचे चिन्ह आधी बदलून घेऊन नंतर पुन्हा वजाबाकी करणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात. दुसरी चूक अशी की, इलेक्ट्रॉनांची संख्या जुळवण्यासाठी समीकरणाला दोनाने गुणले की काही जण विभवालाही दोनाने गुणतात. विभव म्हणजे प्रत्येक कूलोम प्रभारामागे मिळणारी ऊर्जा होय. गावच्या टाकीच्या पाण्याचा नळाशी येणारा दाब टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या उंचीवर ठरतो, टाकीत किती लिटर पाणी आहे यावर नाही, तसेच हे आहे. समीकरण दुप्पट केले की वाहणारा प्रभार दुप्पट होतो, पण प्रत्येक कूलोमची ऊर्जा तेवढीच राहते.

आता बंबाकडे वळू. मुलामा आणि तांबे एकमेकांना जोडलेले आहेत, मध्ये पाणी आहे, तेव्हा घटाचा विभव १.१० व्होल्ट, असे उत्तर बहुतेक जण देतात. जस्त संपल्यावर लोखंड उघडे पडले की ते ०.३४ − (−०.४४) करून ०.७८ व्होल्ट काढतात. वजाबाकी बरोबर आहे, परंतु घटच चुकीचा निवडला आहे. ०.३४ हा आकडा तांब्याचे आयन इलेक्ट्रॉन घेऊन तांबे बनतात त्या अभिक्रियेचा आहे, आणि तोही पाण्यात लिटरमागे एक मोल तांब्याचे आयन असतील तेव्हाचा. असे पाणी गडद निळे दिसले असते. बंबातल्या बोअरच्या पाण्यात तांब्याचे आयन अगदी नगण्य असतात. मग तांब्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन घेतो कोण? पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. तांबे स्वतः त्यात जवळजवळ भाग घेत नाही, ते केवळ ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन घेण्यासाठी एक मोठी जागा पुरवते. खऱ्या दोन अर्धअभिक्रिया अशा आहेत :

```
O2 + 2H2O + 4e− → 4OH−     E° = +0.40 V
Fe2+ + 2e− → Fe            E° = −0.44 V   (प्रत्यक्षात उलट दिशेने घडते)
```

इथे प्रमाण विभव तसेच्या तसे वापरता येत नाहीत, कारण ०.४० हा आकडा लिटरमागे एक मोल हायड्रॉक्साइड असलेल्या तीव्र अल्कधर्मी द्रावणाचा आहे आणि आपले पाणी जवळजवळ उदासीन आहे. संहतीनुसार विभव कसा बदलतो ते वाल्टर नेर्न्स्ट यांचे १८८९ मधले समीकरण सांगते. २५ अंश सेल्सिअसला ते असे लिहितात :

```
E = E° − (0.0592 / n) × log Q
```

n म्हणजे अभिक्रियेत देवाणघेवाण होणारे इलेक्ट्रॉन, आणि Q म्हणजे उत्पादितांच्या संहती भागिले अभिकारकांच्या संहती, प्रत्येक आपापल्या सहगुणकाच्या घातात. शुद्ध धातू आणि पाणी Q मध्ये लिहायचे नसतात. पाण्याचा पीएच ७ आणि हवेतल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब ०.२१ वातावरण धरला तर ऑक्सिजनच्या बाजूचा हिशेब असा होतो :

```
E(O2) = 0.40 − (0.0592/4) × log( (10^−7)^4 / 0.21 )
      = 0.40 − 0.0148 × (−27.3)
      = 0.80 V
```

लोखंडाच्या बाजूला पाण्यात लोहाचे आयन किती आहेत ते नेमके माहीत नसते. क्षरणाच्या अभ्यासात अशा वेळी लिटरमागे १०⁻⁶ मोल हा आकडा धरण्याचा प्रघात आहे. इतके आयन असतील तर धातू विरघळू लागला आहे असे मानतात.

```
E(Fe)  = −0.44 + (0.0592/2) × log(10^−6) = −0.62 V
E(घट) = 0.80 − (−0.62) = 1.42 V
```

म्हणजे उत्तर ०.७८ नसून १.४२ व्होल्ट आहे, आणि त्यात तांब्याचा आकडा कुठेही आला नाही. याचा एक सरळ अर्थ असा की तांबे नसते तरी लोखंड गंजलेच असते, कारण ऑक्सिजन लोखंडावरही इलेक्ट्रॉन घेऊ शकतो. तांब्याने दिशा बदलली नाही, त्याने वेग वाढवला. हा हिशेब २५ अंशांचा आहे. बंबातल्या ६० अंशांच्या पाण्यात ०.०५९२ च्या जागी सुमारे ०.०६६ येतो आणि तक्त्यातले आकडेही थोडे सरकतात, तरी निष्कर्ष बदलत नाही.

हे ताडून पाहण्यासाठी मी त्याच पाइपाचा तुकडा आणि तांब्याचा पत्रा प्लास्टिकच्या टबात घरच्याच पाण्यात बुडवला आणि दोहोंमध्ये मल्टिमीटर लावला. जस्त शाबूत असलेल्या तुकड्यासाठी याच पद्धतीने हिशेब केला तर १.७४ व्होल्ट यायला हवेत. मीटरने एक व्होल्टही दाखवला नाही. हिशेब चुकला नव्हता. हिशेबाचा विभव ही कमाल मर्यादा असते, आणि ऑक्सिजनचे क्षपण ही अत्यंत मंद अभिक्रिया असल्याने त्यातला मोठा भाग तिला ढकलण्यातच खर्च होतो. याच कारणाने विभवावरून वेग ठरवता येत नाही. ॲल्युमिनिअमचा प्रमाण विभव −१.६६ व्होल्ट आहे, तक्त्यानुसार ते जस्ताच्याही आधी संपायला हवे, पण त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ आणि घट्ट थर बसतो आणि भांडी वर्षानुवर्षे टिकतात.

प्रभार मोजला की धातू मोजला

वेगासाठी विद्युतधारा हवी, आणि धारेवरून धातूचे वजन काढण्याची वाट मायकेल फॅरडे यांनी १८३३–३४ मध्ये दाखवली. त्यांचा पहिला नियम असा की विद्युतअग्रावर जमा होणाऱ्या किंवा तिथून विरघळणाऱ्या पदार्थाचे वस्तुमान वाहिलेल्या प्रभाराच्या प्रमाणात असते. दुसरा नियम असा की तेवढाच प्रभार वेगवेगळ्या द्रावणांतून नेला तर जमा होणाऱ्या पदार्थांची वस्तुमाने त्यांच्या समतुल्य भारांच्या प्रमाणात असतात. आजच्या भाषेत दोन्ही नियम एकाच वाक्यात मावतात : इलेक्ट्रॉनांचे मोल मोजा, एका आयनाला किती इलेक्ट्रॉन लागतात त्याने भागा, आणि मोलर वस्तुमानाने गुणा. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार सुमारे ९६,५०० कूलोम असतो.

```
m = (I × t / 96500) × (M / n)
```

आधी हे सूत्र सरळ दिशेने वापरू. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज भागात वाहनांच्या सुट्या भागांवर विजेने जस्त चढवतात, तेव्हा हाच हिशेब लागतो. समजा १०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाचा लोखंडी तुकडा आहे आणि त्यातून २ अँपिअर धारा ३० मिनिटे नेली. तीस मिनिटे म्हणजे १,८०० सेकंद. मिनिटे तशीच सूत्रात घालणे ही परीक्षेत सर्वाधिक गुण घालवणारी चूक आहे. प्रभार ३,६०० कूलोम, म्हणजे ०.०३७३ मोल इलेक्ट्रॉन. जस्ताच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून जस्त ०.०१८७ मोल, म्हणजे १.२२ ग्रॅम. जस्ताची घनता घन सेंटिमीटरला ७.१४ ग्रॅम आहे. त्यावरून थराची जाडी सुमारे १७ मायक्रॉन येते. तेवढाच प्रभार चांदीच्या द्रावणातून नेला असता तर चांदीच्या आयनाला एकच इलेक्ट्रॉन लागत असल्याने पूर्ण ०.०३७३ मोल, म्हणजे ४ ग्रॅमहून थोडी अधिक चांदी मिळाली असती. दुसरा नियम याहून वेगळे काही सांगत नाही.

प्रत्यक्षात १७ मायक्रॉन कधीच मिळत नाहीत. कॅथोडवर जस्ताबरोबर थोडा हायड्रोजनही सुटतो आणि तो आपल्या वाट्याचे इलेक्ट्रॉन घेतो. धारेची कार्यक्षमता ८० टक्के असेल तर जाडी साडेतेरा ते चौदा मायक्रॉनच भरते. फॅरडेचा नियम इथे मोडत नाही. सर्व इलेक्ट्रॉनांचा हिशेब लागतो, फक्त त्यातले काही दुसऱ्या खात्यात गेलेले असतात. हिशेबापेक्षा कमी धातू चढला आणि तुकड्याभोवती बुडबुडे दिसले, तर ते खाते कोणते हे वेगळे शोधावे लागत नाही.

हेच सूत्र उलट दिशेने क्षरणाला लागू होते, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे, जी पुस्तकात स्पष्ट लिहिलेली नसते. टबातल्या त्या तुकड्यात आणि पत्र्यात मल्टिमीटर मिलिॲम्पिअरच्या पट्टीवर लावला तेव्हा धारा अर्ध्या मिलिॲम्पिअरच्या आसपास खाली-वर होत होती. बंबात तांबे खूप मोठे आहे आणि पाणी गरम आहे, तेव्हा तिथेही किमान तेवढी धारा धरायला हरकत नाही. वर्षाला सुमारे ३.१५ कोटी सेकंद असतात, म्हणजे वर्षाचा प्रभार साधारण १५,८०० कूलोम. सूत्रानुसार वर्षाला ५.३ ग्रॅम जस्त विरघळते.

निपलात जस्त किती होते? पाइपाचा मुलामा वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला असतो, विजेने चढवलेला नसतो, त्यामुळे तो जाड असतो. एका चौरस मीटरवर ४०० ग्रॅम, म्हणजे ५६ मायक्रॉन जाडी धरली, तर निपलाच्या आतल्या सुमारे ५० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर २ ग्रॅम जस्त येते. ते साडेचार महिन्यांत संपते. त्यानंतर तीच धारा लोखंडातून सुरू राहिली तर वर्षाला ४.६ ग्रॅम लोखंड जाईल.

चार ग्रॅम कुठून गेले

१२० ग्रॅमच्या तुकड्यातून वर्षाला साडेचार ग्रॅम लोखंड गेले तर तो तुकडा पंचवीस वर्षे टिकायला हवा. इथे वजनाचा हिशेब आपली दिशाभूल करतो. फॅरडेचा नियम किती धातू गेला ते सांगतो, कुठून गेला ते सांगत नाही. भोक पडायला वजन नव्हे, खोली महत्त्वाची असते.

निपलाच्या दोन्ही टोकांना आटे पाडताना मुलामा कापला जातो आणि खालचे कोरे लोखंड उघडे पडते. अर्धा इंची मध्यम पाइपाची भिंत २.६ मिलिमीटरची असते आणि आट्यांची खोली साधारण १.२ मिलिमीटर, म्हणजे आट्यांच्या तळाशी फक्त १.४ मिलिमीटर लोखंड उरते. शिवाय आट्यांमध्ये दोरा आणि सफेदा भरलेला असतो. त्या फटीत पाणी शिरते पण हलत नाही, त्यातला ऑक्सिजन लवकर संपतो आणि नवा पोहोचत नाही. ऑक्सिजन कमी तिथे गंज कमी, असे आपल्याला सहज वाटते, पण घडते उलट. जिथे ऑक्सिजन भरपूर आहे ती जागा कॅथोड होते, आणि जिथे तो कमी आहे ती जागा ॲनोड होऊन तिथला धातू विरघळतो. लोखंडी पत्र्यावर पडलेल्या पाण्याच्या थेंबाखालीही खड्डा मध्यभागी पडतो, कडेला नाही, आणि गंजाचे कडे मात्र थेंबाच्या कडेजवळ दिसते. धातू जिथून जातो तिथे आणि गंज जिथे साचतो तिथे, या दोन जागा वेगळ्या असू शकतात.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर प्रयोगशाळेत आगरच्या गरम द्रावणात थोडे मीठ, फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशिअम फेरिसायनाइड मिसळून ते बशीत एका लोखंडी खिळ्यावर ओतावे आणि थंड होऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी खिळ्याच्या टोकाशी आणि डोक्याशी, जिथे तो ठोकून घडवलेला असतो, निळा रंग आलेला दिसतो. तिथे लोहाचे आयन सुटतात. मधल्या दांड्याभोवती गुलाबी रंग असतो. तिथे ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड तयार केलेले असते. एकाच खिळ्यावरचा ॲनोड आणि कॅथोड असा शेजारीशेजारी दिसला की क्षरण म्हणजे तार आखूड केलेला विद्युतघट आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता धारेचा मोठा भाग आट्यांतल्या जेमतेम दोन चौरस सेंटिमीटर जागेतून सुटतो असे धरू. वर्षाचे ४.६ ग्रॅम लोखंड म्हणजे ०.५८ घन सेंटिमीटर. ते दोन चौरस सेंटिमीटरवर पसरले तर खोली २.९ मिलिमीटर. आट्यांच्या तळाचे १.४ मिलिमीटर पार व्हायला सहा महिन्यांपेक्षा थोडा कमी काळ लागतो. आधीचे साडेचार महिने मिळवले की दहा महिने होतात, आणि दिवाळी ते गणपती हे अंतर तेवढेच आहे. या काळात २ ग्रॅम जस्त आणि सव्वादोन ग्रॅम लोखंड, म्हणजे सव्वाचार ग्रॅम धातू जातो. तराजूनेही जवळपास तेच सांगितले होते. इतका मेळ बसणे हा काही अंशी योगायोग आहे, कारण धारा आणि जागा हे दोन्ही आकडे मी अंदाजाने धरले आहेत. धारा दुप्पट धरली असती तर उत्तर पाच महिने आले असते. अशा हिशेबातून काही महिने की काही दशके एवढा निर्णय भरवशाने घेता येतो, आणि दुरुस्तीचा निर्णय करायला तेवढे पुरते.

या सगळ्यात क्षेत्रफळांचे गुणोत्तर निर्णायक ठरते. बंबाच्या आतला तांब्याचा पृष्ठभाग सुमारे ६,००० चौरस सेंटिमीटर आणि निपलाचा ५०. पाण्याच्या रोधामुळे दूरचे तांबे तितके काम करत नाही हे खरे, तरीही मोठा कॅथोड खूप ऑक्सिजन गोळा करतो आणि ते सर्व इलेक्ट्रॉन छोट्या ॲनोडला पुरवावे लागतात. हेच उलट असते, म्हणजे लांबलचक लोखंडी पाइपावर एक लहान पितळी कॉक असता, तर नुकसान इतके झाले नसते. आमच्याकडचे बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्याने विजेला वाट चांगली देते आणि धारा वाढवते; परंतु त्याच पाण्याचा पांढरा थर धातूवर बसतो आणि काही वेळा त्याचे रक्षणही करतो. त्यामुळे जड पाणी क्षरणाला वाईटच, असे सरसकट म्हणता येत नाही.

मुलामा कोणाला वाचवतो

मुलाम्याचे काम केवळ झाकण्याचे असते असे मानले तर जस्त आणि कथिल यांत फरक उरत नाही. फरक चरा पडल्यावर कळतो. गोठ्याच्या जीआय पत्र्यावर चरा पडून लोखंड उघडे झाले, तर जस्ताचा आकडा लोखंडापेक्षा खाली असल्याने जस्त ॲनोड होते आणि चऱ्याच्या काठाजवळचे लोखंड काही मिलिमीटरपर्यंत वाचते. कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्यावर चरा पडला तर लोखंडच ॲनोड ठरते, भोवतीचे कथिल मोठा कॅथोड होते आणि मुलामा नसता त्यापेक्षाही वेगाने त्या चऱ्यातून गंज आत जातो. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आपण कल्हई करतो, तेही कथिलच. पण तिथे खाली लोखंडाऐवजी तांबे आहे आणि तांब्याचा आकडा कथिलाच्या वर आहे. म्हणून तेच कथिल लोखंडावर धोक्याचे ठरते आणि तांब्यावर चालते. आमच्या निपलातले जस्त तर लोखंडाला वाचवता वाचवता अख्ख्या बंबाच्या तांब्यासाठीही इलेक्ट्रॉन पुरवत होते, म्हणूनच ते लवकर संपले.

जस्ताच्या बाबतीत गरम पाण्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी. सुमारे ६० अंशांच्या वर काही प्रकारच्या पाण्यांत जस्तावर असा थर तयार होतो की त्याचा विभव लोखंडाच्या वर जातो आणि रक्षणकर्ते जस्तच लोखंडाला गंजवू लागते. तक्त्यातला −०.७६ हा आकडा स्वच्छ जस्ताचा आहे. थर चढलेल्या जस्तासाठी तो प्रमाण मानता येत नाही. गिझरच्या टाकीत जस्ताऐवजी बहुधा मॅग्नेशिअमचा दांडा का बसवतात, याचे एक कारण यातच आहे.

आम्ही शेवटी बंबाला पुन्हा पितळी तोटी बसवली. मोरीपर्यंतचा उरलेला जीआय पाइप तसाच ठेवून मध्ये गरम पाण्याला टिकणारा सीपीव्हीसीचा तुकडा घालावा, म्हणजे धातूंचा संपर्क तुटेल, असे मला आधी वाटले होते. संपर्क तुटला असता, पण क्षरण थांबले नसते. तांब्यातून अगदी थोडे आयन सतत पाण्यात येतात, प्लास्टिकच्या तुकड्यातून पुढे वाहतात आणि जस्ताला भेटतात. तिथे पुस्तकातला तोच घट, जो बंबात नव्हता, खरोखर घडतो :

```
Cu2+ + Zn → Cu + Zn2+
[Cu2+] = [Zn2+] = 10^−6 असेल तर Q = 1, म्हणून E = 1.10 V
```

पाइपाच्या आत जस्तावर तांब्याचे सूक्ष्म ठिपके बसतात आणि प्रत्येक ठिपका एक छोटा कॅथोड होतो. त्याच्याभोवतीचे जस्त आधी जाते, मग लोखंडाला टोकदार खड्डे पडतात, आणि ते कोणत्याही सांध्यापासून दूर, पाइपाच्या मधोमधही पडू शकतात. म्हणून पाण्याच्या प्रवाहात जीआय आधी आणि तांबे नंतर हा क्रम चालतो, तांबे आधी आणि जीआय नंतर हा चालत नाही. बंबाच्या पुढचा सगळा जीआय पाइप आम्ही काढून टाकला आणि मोरीपर्यंत सीपीव्हीसीच नेला.